तर्री-पोहे आधी, चहा नंतर! पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या शाकाहारी बायकांसाठी लोहाच्या दहा चटपटीत गोष्टी

गोंदियात सकाळच्या टपरीवर दोन गोष्टी जोडीनेच मिळतात : तर्री-पोहे आणि कडक चहा. पहिली रक्तासाठी चांगली आहे. दुसरी त्याच वेळी घेतली, तर पहिलीचा फायदा बराचसा पुसून टाकते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना ॲनिमिया आढळला. ज्यांना पाळीत जास्त जातं आणि ज्या मांस-मासे खात नाहीत, त्यांच्या शरीरातलं लोह दोन्ही बाजूंनी आटतं. म्हणून या दहा गोष्टी, त्यांच्या आकड्यांसह.

1. दर महिन्याला साधारण 32 मिलिग्रॅम लोह बाहेर पडतं

सर्वसाधारण पाळीत 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 80 मिलिलिटरच्या वर गेलं, तर डॉक्टर त्याला जास्त रक्तस्राव म्हणतात. घरी कोणी रक्त मोजत बसत नाही, पण खुणा सोप्या आहेत : दर एक-दोन तासांनी पॅड किंवा कापड बदलावं लागणं, रात्री त्यासाठी उठावं लागणं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडणं, पाळी सात दिवसांपेक्षा लांबणं.

एक मिलिलिटर रक्तात साधारण 0.4 मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे 80 मिलिलिटरमागे 32 मिलिग्रॅम. महिन्यावर वाटलं तर रोजचं एक मिलिग्रॅमहून थोडं जास्त. आतड्यातून आणि कातडीतून रोज जवळपास एक मिलिग्रॅम जातंच. एकूण झालं दोन मिलिग्रॅम. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं गणित या दोनभोवती फिरतं. हे दोन मिलिग्रॅम ताटात असून भागत नाही, ते रक्तात पोचावे लागतात. शाकाहारी जेवणातलं लोह साधारण 5 ते 10 टक्केच शोषलं जातं.

2. भाताच्या जिल्ह्यात भातच सगळ्यात कमी लोह देतो

पॉलिश केलेल्या, वरून लोह न घातलेल्या 100 ग्रॅम कच्च्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. एखादी बाई दोन वेळा मिळून 300 ग्रॅम तांदळाचा भात, वाटीभर तुरीचं वरण, वांग्याची भाजी, दोन पोळ्या आणि सकाळी थोडे पोहे खाते असं धरा. पोट भरतं, पण लोहाची दिवसभराची बेरीज नऊ-दहा मिलिग्रॅमच्या आसपास थांबते. प्रत्येक जेवणावर चहा झाला आणि त्यातलं 5 टक्केच शोषलं गेलं, तर रक्तात पोचलं अर्धा मिलिग्रॅम. गरज दोनची. रोज दीडची तूट, महिन्याला 45.

आता ताट थोडं बदलू. सकाळी 50 ग्रॅम पोहे, एका वेळचा भात तसाच, दुसऱ्या वेळी 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी, 60 ग्रॅम हरभरा किंवा अख्खा मसूर (कोरडा असताना मोजलेला), 100 ग्रॅम लाल माठाची भाजी आणि तीन चमचे तीळ. बेरीज जाते 18 मिलिग्रॅमच्या घरात. ज्या बाईचा साठा आटलाय तिचं आतडं लोह जास्त ओढून घेतं. जोडीला आंबट फळ असेल आणि चहा लांब असेल, तर 10 टक्क्यांपर्यंत शोषण होऊ शकतं. रक्तात पोचलं 1.8 मिलिग्रॅम. म्हणजे नीट मांडलेलं ताट रोजची गळती जवळजवळ भरून काढतं. मागची थकबाकी मात्र त्यातून फिटत नाही. ती का फिटत नाही, ते नवव्या मुद्द्यात.

3. तर्री-पोहे हा चांगला विचार आहे

पोह्यांचा एक जुना लौकिक आहे : 100 ग्रॅममध्ये 20 मिलिग्रॅम लोह. भारताच्या जुन्या आहारतक्त्यात हा आकडा होता आणि तोच वर्षानुवर्षं मासिकांत फिरत राहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली नवे तक्ते काढले, त्यात पोह्यांचं लोह साडेचारच्या आसपास आलं. तरीही ते भातापेक्षा कितीतरी जास्त आहे.

खरी जान तर्रीत आहे. काळ्या हरभऱ्याची रस्सेदार तर्री पोह्यांवर पडली, की 30 ग्रॅम हरभऱ्यातून आणखी दोन मिलिग्रॅम येतात. वरून कच्चा सांभार भुरभुरला आणि लिंबू पिळलं, की व्हिटॅमिन सीही आलं. हरभरे रात्री भिजवून पाणी ओतून दिलं, किंवा मोड आणून वापरले, तर फायटेट थोडं कमी होतं. धान्या-डाळींमधला हा घटक लोहाला आतड्यात बांधून ठेवतो.

4. रंगावर जाऊ नका

बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून ते रक्त वाढवतात असं घरोघरी सांगितलं जातं. या दोन्हींच्या 100 ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही लोह नाही. गुळात 100 ग्रॅमला साडेचारच्या आसपास आहे, पण कोणी 100 ग्रॅम गूळ खात नाही. 10 ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही जेमतेम मिळतं. पालकात लोह आहे, पण त्यातले पॉलिफिनॉल आणि इतर घटक त्याचं शोषण अडवतात.

मग भारी काय? तीळ, अख्खा मसूर, मटकी, हरभरा, चवळी, सोयाबीन, बाजरी, माठ. तिळाची चटणी आणि मसुराची आमटी डाळिंबाच्या रसाहून कितीतरी स्वस्त पडते आणि लोहही जास्त देते. भाजी लोखंडी कढईत शिजवली, त्यात भेदरं किंवा चिंच टाकली, तर कढईतलंही थोडं लोह उतरतं. किती, ते कढई, आंबटपणा आणि शिजवण्याचा वेळ ठरवतात, म्हणून फक्त तिच्यावर भिस्त ठेवू नये.

5. अर्धं लिंबू पुरत नाही, एक आवळा पुरतो

व्हिटॅमिन सी पोटातल्या लोहाला विरघळलेलं आणि शोषण्याजोगं ठेवतं, आणि फायटेटचा अडथळाही कमी करतं. मात्र ते त्याच जेवणात असावं लागतं. सकाळी खाल्लेल्या पेरूचा संध्याकाळच्या आमटीला काही उपयोग नाही. प्रमाणही हवं. अर्ध्या लिंबाच्या रसात जेमतेम 10 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, 40 ग्रॅमच्या एका आवळ्यात 100च्या आसपास. अर्धा पेरू, कच्च्या कैरीच्या चार-पाच फोडी किंवा आवळ्याची ताजी चटणी चालते. उष्णतेने हे व्हिटॅमिन मोडतं, म्हणून लिंबू गॅस बंद झाल्यावरच पिळा.

याला एक मर्यादाही आहे. मेक्सिकोतल्या ग्रामीण बायकांना लिंबाच्या पेयातून दिवसातून दोनदा 25-25 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं गेलं. एकेका जेवणाचं शोषण मोजलं, तेव्हा ते दुपटीहून जास्त वाढलेलं दिसलं. पण आठ महिन्यांनी रक्त तपासलं तर लोहाच्या साठ्यात सुधारणा नव्हती. ताटात लोहच कमी असेल, तर लिंबू कशाला विरघळवणार? आधी हरभरा, मग आवळा.

6. चहाचा सगळ्यात मोठा धक्का भाताला बसतो

1975 साली दक्षिण आफ्रिकेत चहा आणि लोहाचा एक गाजलेला अभ्यास झाला. भात आणि बटाटा-कांद्याचं सूप अशा जेवणातलं लोह पाण्याबरोबर सुमारे 11 टक्के शोषलं गेलं, चहाबरोबर सुमारे अडीच टक्के. म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी. चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला पकडून ठेवतात. दूध घातल्याने हा दोष जात नाही. ग्रीन टी आणि कॉफीतही असेच घटक असतात.

चहा सोडायची गरज नाही, फक्त वेळ बदलायची. जेवणाबरोबर नको. जेवण झाल्यावर किमान एक तास थांबा, दीड-दोन तास थांबलात तर उत्तम. उपाशीपोटी उठल्याउठल्या घेतलेला चहा तासाभराने होणाऱ्या नाश्त्याला फारसा त्रास देत नाही. शेतावर जाणाऱ्या बाईसाठी वेळापत्रक असं बसतं : साडेपाचला चहा, सातला पोहे आणि पेरू, बाराला जेवण, दोननंतर दुसरा चहा, आठला जेवण. चहाचे कप तेवढेच राहतात.

7. कच्चे तांदूळ खावेसे वाटतात? रक्त तपासा

सुपातले तांदूळ निवडता निवडता मूठभर तोंडात जातात, पाटीची पेन्सिल, माती, चुना किंवा बर्फ खावासा वाटतो. पुष्कळ बायका हे लाजून लपवतात. ही वाईट सवय नाही, ते लोह कमी असल्याचं ओळखीचं लक्षण आहे. लोह सुरू केल्यावर ही ओढ बऱ्याचदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाते, हिमोग्लोबिन पुरतं वाढायच्याही आधी. जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, रात्री पाय स्वस्थ न राहणं ही त्याच माळेतली लक्षणं.

8. गोंदियात गोळीच्या आधी एक तपासणी जास्त लागते

पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे आणि गोंदिया त्यात येतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. म्हणून या भागात हिमोग्लोबिन कमी आलं की ते लोहामुळेच असं धरून चालत नाही. सिकलसेलचा आजार असलेल्या आणि वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या बाईच्या शरीरात लोह उलट जास्त साठलेलं असू शकतं. नुसती वाहक असलेल्या बाईला मात्र लोहाची कमतरता इतर कोणाहीसारखीच होते, आणि तिला गोळी लागते.

त्यामुळे तीन गोष्टी मागा : सीबीसी म्हणजे पूर्ण रक्ततपासणी, फेरिटिन आणि सिकलसेलची चाचणी. फेरिटिन हे साठलेल्या लोहाचं माप. ते 15च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे, आणि 30च्या खाली असेल तरी पुष्कळ डॉक्टर कमतरता धरतात. ताप किंवा संसर्ग चालू असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं झाल्यावरच तपासा. शाकाहारी बाईचं बी12ही याच वेळी पाहून घ्यावं. तेही कमी असेल तर नुसत्या लोहाने रक्त पूर्ण भरत नाही.

9. अर्धी उधारी डोळ्यांना दिसतच नाही

एक उदाहरण मांडू. समजा, आमगावकडची 34 वर्षांची बाई आहे. वजन 50 किलो, हिमोग्लोबिन 9, फेरिटिन 6, सिकलसेल नाही. हिमोग्लोबिन 13वर न्यायला किती लोह लागेल, याचं डॉक्टरांचं एक सूत्र आहे : वजन गुणिले कमी असलेलं हिमोग्लोबिन गुणिले 2.4. म्हणजे 50 × 4 × 2.4 = 480 मिलिग्रॅम. रिकामा साठा भरायला आणखी 500. एकूण जवळपास 1000.

सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. तिच्या शरीराला सुरुवातीला त्यातलं समजा 15 टक्के मिळालं, तर रोजचे नऊ. चांगलं ताट असूनही रोजच्या गळतीला थोडं कमी पडतं, ते वजा केलं तर हातात पावणेनऊच्या आसपास उरतात. 480 भरायला दोन महिने. पुढचे 500 मात्र सावकाश भरतात, कारण रक्त सुधारलं की आतडं आपलं दार अर्धं लावून घेतं. म्हणून एकूण काळ पाच-सहा महिने.

याचं वेळापत्रक असं दिसतं. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत नव्या लाल पेशी तयार होऊ लागतात. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने चढतं. दोन-तीन महिन्यांत आकडा ठीक होतो, धाप थांबते, आणि नेमक्या याच वेळी बहुतेक जणी गोळी बंद करतात. त्या वेळी साठा जवळजवळ रिकामाच असतो. पुढच्या तीन-चार पाळ्यांत हिमोग्लोबिन परत घसरतं आणि “गोळीचा काही उपयोग नाही” असा समज होतो. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची ती यासाठी. केसांना आणखी वेळ लागतो, कारण नवा केस दिसायलाच काही महिने जातात.

10. गोळी रोज की एक दिवसाआड?

60 मिलिग्रॅमची गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण एक दिवस ते पुढच्या गोळीचं शोषण कमी करतं. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या संशोधकांनी 2017 साली लोह कमी असलेल्या बायकांमध्ये हे मोजलं. रोज घेतलेल्या गोळीतलं सुमारे 16 टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड घेतलेलीतलं सुमारे 22 टक्के. म्हणजे दिवसाआड घेतल्याने प्रत्येक गोळी जास्त कामी येते आणि पोटालाही सोपं जातं. पण गोळ्या निम्म्या होतात, त्यामुळे महिन्याचं एकूण लोह रोजच्या गोळीतूनच जास्त मिळतं. हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टर सांगतील तसंच घ्या. ज्यांनी रोजची गोळी मळमळ आणि बद्धकोष्ठतेमुळे सोडली आहे, त्यांनी दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. सोडून दिलेल्या गोळीपेक्षा दिवसाआडची गोळी नक्कीच बरी.

घ्यायची कशी? शक्यतो रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. मळमळलं तर थोडं खाऊन. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध यांच्यापासून दोन तास लांब. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. वेगळी महागडी व्हिटॅमिन सीची गोळी लागत नाही. शांघायमध्ये 440 रुग्णांवर झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती जोडून हिमोग्लोबिन जास्त वाढलं नाही. आवळ्याची खरी जागा जेवणात आहे. आणि गोळ्यांचं पाकीट लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, कारण मूठभर लाल गोळ्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

जाता जाता : रेशनचा तांदूळ निवडून फेकू नका

2021च्या स्वातंत्र्यदिनी घोषणा झाल्यावर रेशनच्या दुकानांत लोह, फोलिक ॲसिड आणि बी12 घातलेला तांदूळ येऊ लागला. त्याआधीच्या प्रायोगिक योजनेत शेजारचा गडचिरोली जिल्हा होता. 100 दाण्यांत एखादा दाणा वेगळा, जरासा पिवळट दिसतो. तो प्लास्टिकचा नाही, तांदळाच्या पिठापासून बनवलेला आहे. नियमाने किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे रोजच्या 300 ग्रॅम तांदळातून साधारण आठ ते तेरा. हा दाणा खडा समजून निवडून फेकला, तर ताटातला लोहाचा सगळ्यात मोठा वाटाच फेकला जातो. तांदूळ फार चोळून धुऊ नये, आणि भाताचं पाणी काढून टाकू नये.

सगळं करूनही आकडा हलत नसेल तर

चार आठवडे नियमाने गोळी घेऊन हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढलं नाही, तर गोळीचा ब्रँड बदलण्याआधी कारण शोधा. गोळी चहाबरोबर तर घेतली जात नाही ना? चिखलात अनवाणी रोवणी करणाऱ्या बायकांच्या आतड्यात अंकुशकृमी असू शकतात. ते तिथेच रक्त पितात, आणि त्यावर अल्बेंडाझोल हे साधं औषध आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि बी12 तपासले का?

आणि मुख्य म्हणजे, पाळीतलं रक्त अजून तेवढंच जातंय का? महिन्याला 80च्या जागी 150 मिलिलिटर जात असेल, तर गोळीने भरलेलं काही लोह तिथेच वाहून जातं. जास्त रक्तस्रावामागे गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड किंवा रक्त न गोठण्याचा विकार असू शकतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांत रक्त कमी करतात. हार्मोन असलेली गर्भाशयात बसवायची तांबीसारखी साधनं काही वर्षं काम करतात. हिमोग्लोबिन फार खाली असेल किंवा गोळी सोसतच नसेल, तर शिरेतून लोह देता येतं. चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा छातीत दुखणं अशी लक्षणं असतील तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या दोन पाळ्यांची नोंद न्या : किती दिवस, रोज किती पॅड, किती मोठ्या गाठी. चौथ्या आठवड्याला हिमोग्लोबिन तपासा आणि गोळी थांबवायच्या आधी फेरिटिन. फेरिटिन वर आलं नसेल, तर हिमोग्लोबिन कितीही चांगलं दिसलं तरी गोळी बंद करू नका.